फिजिओलॉजी युनिव्हर्सिटी परीक्षा, बरोबर चार आठवडे उरलेत, टाइमटेबल बघून सांगाल का?

सायलेंट_बेंच
फर्स्ट इयरला आहे. परीक्षेला २८ दिवस आहेत, सध्या लेक्चर नाहीत, म्हणजे दिवसाला सात-आठ तास मिळतात. पुस्तकाच्या क्रमानेच टाइमटेबल लावलंय. आधी जनरल फिजिओ आणि ब्लड ५ दिवस, मग नर्व्ह मसल ३, जीआयटी ३, एंडोक्राइन आणि रिप्रॉडक्टिव्ह ५, मग हार्ट ४, रेस्पिरेटरी ३, त्यानंतर सीएनएस आणि सेन्सेस मिळून २, रीनल १ आणि शेवटचे २ दिवस सगळ्याची रिव्हिजन. एकदा सगळं वाचून झालंय, हायलाइट पण केलंय, पण वाचलेलं चार दिवसांत पुसलं जातंय असं वाटतं. टाइमटेबलमध्ये काय बदलू? थिअरीचे दोन पेपर आहेत, मग प्रॅक्टिकल आणि व्हायव्हा.

धावतपळत
सेकंड इयरला आहे. एवढं टाइमटेबल वगैरे कशाला, मागच्या दहा वर्षांचे पेपर काढ आणि रिपीट झालेले प्रश्न कर. लाँग क्वेश्चन्स तेच तेच येतात, कार्डिॲक सायकल, कार्डिॲक आउटपुट, जीएफआर, ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह, ॲक्शन पोटेन्शियल. मी असंच केलं आणि आरामात निघालो.

रात्रपाळी
माझी सप्लीमेंटरी आहे, थिअरी निघाली पण प्रॅक्टिकल-व्हायव्हाला अडकले, आता परत देतेय. मला पण चार आठवड्यांचंच हवंय. बायोकेमिस्ट्रीचं पण यातच बसेल का, दोन्ही विषय बरोबर आहेत?

जुनी_फळी
मी फिजिओलॉजी शिकवतो, पेपर तपासायला पण बसतो.

सायलेंट_बेंच, तुझ्या टाइमटेबलात दिवस कमी नाहीत, क्रम चुकलाय. पुस्तकाचा क्रम पहिल्यांदा शिकण्यासाठी ठीक असतो, रिव्हिजनमध्ये कुठला भाग कुठल्या भागावर उभा आहे ते बघून लावायचं. रीनलला प्रेशर, फ्लो, रेझिस्टन्स लागतं, ते सगळं हार्ट-सर्क्युलेशनमध्ये आहे. ॲसिड-बेसला रेस्पिरेटरी आणि रीनल दोन्ही लागतात, तुझ्या यादीत ॲसिड-बेसचं नावच नाही. हार्टला ॲक्शन पोटेन्शियल आणि ऑटोनॉमिक लागतं. म्हणजे नर्व्ह-मसल, हार्ट, रेस्पिरेटरी, रीनल, ॲसिड-बेस ही एक सलग साखळी आहे आणि ती पहिल्या दोन आठवड्यांत ओळीने व्हायला हवी. तू रीनल एका दिवसात आणि तेही सगळ्यात शेवटी टाकलंयस. तिथे अडकलीस आणि मूळ हार्टमध्ये निघालं तर मागे जायला दिवसच उरत नाहीत.

ब्लडला सलग दिवस देऊ नकोस. तो भाग बराचसा सुटा आहे, क्लॉटिंग, ग्रुप, ॲनिमिया हे तुकडे एकमेकांवर फारसे अवलंबून नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी अर्धा तास असं तीन आठवडे पसरव. फक्त हिमोग्लोबिन रेस्पिरेटरीच्या आधी होऊ दे.

मी असं लावेन. १-२ नर्व्ह-मसल आणि ऑटोनॉमिक, ३ ते ६ हार्ट-सर्क्युलेशन, ७ मोकळा. ८ ते १० रेस्पिरेटरी, ११ ते १३ रीनल, १४ ला सकाळी ॲसिड-बेस आणि दुपार मोकळी. १५ ते १८ सीएनएस, १९-२० एंडोक्राइन, २१ मोकळा. २२ रिप्रॉडक्टिव्ह, २३ जीआयटी, २४ स्पेशल सेन्सेस, २५ आणि २६ ला एकेक पूर्ण पेपर घड्याळ लावून, २७ ला फक्त आधीच्या चुका, २८ ला नवीन काही नाही. मोकळा दिवस म्हणजे सुट्टी नाही हां, मागे जावं लागेल तेव्हा वापरायचा दिवस.

पण त्याआधी आज एक कर. पुस्तक बंद, कोरा कागद, आणि वीस मिनिटांत ग्लोमेरुलसची आकृती, त्यातली प्रेशर आणि ॲफरंट, इफरंट आर्टेरिओल आवळल्यावर काय होतं एवढं लिही. मग इथे टाक, कसंही झालं तरी.

रात्रपाळी, बायोकेमिस्ट्रीचा वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल. तुमच्या प्रॅक्टिकलचं मात्र नंतर बोलू, ते याच टाइमटेबलात बसतं.

सायलेंट_बेंच
सर केलं. आकृती काढता आली, नावं पण आली, प्रेशरचे आकडे एकच आठवला, ६० चा. ॲफरंट आवळलं तर जीएफआर कमी हे लिहिलं. इफरंटला पण लिहिलं की आवळल्यावर रक्त कमी जाणार म्हणून जीएफआर कमी. पुस्तक उघडल्यावर कळलं की उलट आहे. गंमत म्हणजे पुस्तकात ती ओळ मी पिवळी केलेली आहे.

धावतपळत
इफरंट आवळलं की जीएफआर वाढतो, ॲफरंट आवळलं की कमी होतो, एवढं पाठ करून टाक, दोन मार्कांचा प्रश्न आहे.

जुनी_फळी
धावतपळत, पाठ केलं तरी अर्धंच बरोबर आहे, पुढे सांगतो.

सायलेंट_बेंच, तुझं उत्तर चुकलं ते स्मरणामुळे नाही. "रक्त कमी जाणार" हा तुझा भाग बरोबर आहे, रीनल प्लाझ्मा फ्लो खरंच कमी होतो. तू फ्लो आणि प्रेशर एकच धरलंस, चूक तिथे आहे. आता दोन रेझिस्टन्स एकामागे एक आहेत असं काढ, आधी ॲफरंट, मग ग्लोमेरुलस, मग इफरंट. ग्लोमेरुलस दोघांच्या मध्ये आहे. पुढचं दार आवळलं तर त्याच्या अलीकडचं प्रेशर वाढतं. मागचं आवळलं तर पलीकडचं पडतं. एवढंच. हे सर्क्युलेशनच्या पहिल्या दोन पानांत आहे, रीनलमध्ये नाही.

आता आकडे घे. ग्लोमेरुलसमधलं हायड्रोस्टॅटिक साधारण ६०, बोमन्स कॅप्सूलमधलं १८, प्लाझ्मा प्रोटीनचं ऑनकॉटिक सरासरी ३२, सगळं मिलिमीटर मर्क्युरीत. ६० मधून १८ आणि ३२ वजा केले की १० उरतात. या १० वरच मिनिटाला १२५ मिली फिल्टर होतं. म्हणजे ६० चं ६३ झालं आणि बाकी सगळं तसंच राहिलं असं क्षणभर धरलं तर १० चे १३ होतात, जवळपास तीस टक्के फरक. छोट्या बदलाचा मोठा परिणाम का होतो ते यावरून कळतं, आणि व्हायव्हात हेच विचारतात.

पण "बाकी सगळं तसंच" राहत नाही, म्हणून वाढ प्रत्यक्षात कमी असते. फ्लो कमी झालाय आणि त्यातून जास्त वाटा गाळला जातोय, मग उरलेल्या रक्तात प्रोटीन घट्ट होतं, ऑनकॉटिक ३२ च्या वर जातं आणि वाढीला लगाम लागतो. इफरंट खूप आवळलं तर शेवटी जीएफआर खालीच येतो. म्हणून "इफरंट म्हणजे नेहमी वाढ" असं पाठ केलेला मुलगा "सिव्हियर कॉन्स्ट्रिक्शन झालं तर?" या पुढच्या प्रश्नाला अडकतो. फिल्ट्रेशन फ्रॅक्शन मात्र इफरंट थोडं आवळलं काय किंवा खूप आवळलं काय, दोन्ही वेळी वाढतं, सुरुवातीला साधारण ६५० पैकी १२५, म्हणजे वीस टक्क्यांच्या आसपास असतं, ते वर जातं.

सायलेंट_बेंच
ओह. म्हणजे मी आधी हार्ट नीट केलं असतं तर हे आपोआप आलं असतं.

जुनी_फळी
आपोआप नाही, पण पाठ करायची गरज पडली नसती. ही गोष्ट टाइमटेबलात अशी बसव. रोज सकाळी वीस मिनिटं कोऱ्या कागदावर कालचा विषय. मग लाल पेनने पुस्तक बघून दुरुस्ती. हा कागद फेकायचा नाही. तोच विषय परत चौथ्या दिवशी आणि साधारण अकराव्या दिवशी कोऱ्या कागदावर. रीनलची सुरुवात ११ ला असेल तर कागद १२, १५ आणि २२ ला. परत वाचायचं नाही, आधी लिहायचं, मग फक्त लाल झालेलं बघायचं.

आणि लाल कुठे येतं ते बघ. पहिल्यांदा लाल, दुसऱ्यांदा काळं, म्हणजे झालं. तीनही वेळा तीच ओळ लाल असेल तर ती ओळ घोकत बसू नकोस, तिच्याआधीची पायरी कच्ची आहे. इफरंट तीनदा चुकलं तर सर्क्युलेशनमधलं रेझिस्टन्स परत कर. ॲसिड-बेसमध्ये कॉम्पेन्सेशन चुकत राहिलं तर व्हेंटिलेशन आणि कार्बन डायऑक्साइडचं नातं बघ. म्हणून मोकळे दिवस मध्ये मध्ये ठेवलेत.

धावतपळत
सर मान्य, पण जुने पेपर टाळू नका ना. कोऱ्या कागदावर आपण आपल्याला आवडतं ते लिहितो, पेपरमध्ये "एक्सप्लेन द फिजिओलॉजिकल बेसिस" असं येतं तेव्हा सगळं गळतं. रिपीट प्रश्नांनी निदान किती खोल लिहायचं ते कळतं.

जुनी_फळी
यात तुझं बरोबर आहे, आणि मी ते सांगायला हवं होतं. जुने पेपर विषय निवडायला वापरू नयेत, उत्तराचा आकार समजायला वापरावेत. समजा १०० मार्कांचा पेपर १८० मिनिटांत आहे, पंधरा मिनिटं वाचायला आणि तपासायला काढलीस तर दहा मार्कांना सोळा-सतरा मिनिटं मिळतात. रोज दुपारी एकच लाँग क्वेश्चन तेवढ्या वेळात लिहायचा, घड्याळ लावून, आकृतीसकट. पुष्कळ मुलं पहिला लाँग क्वेश्चन अर्धा तास लिहितात आणि शेवटचे शॉर्ट नोट्स सोडतात, तपासताना हे सर्रास दिसतं.

कागदवेडी
मी फायनल इयरला आहे, एक शंका. पूर्ण पेपर २५ आणि २६ ला ठेवलाय, तेव्हा जे निघेल ते दुरुस्त करायला फक्त २७ उरतो. उशीर नाही का होत? मी असते तर १४ च्या मोकळ्या दुपारी अर्धा पेपर दिला असता, पहिल्या दोन आठवड्यांच्या विषयांवर.

जुनी_फळी
मुद्दा पटला. मोकळी दुपार मागचं दुरुस्त करायला लागली नाही तर १४ ला अर्धा पेपर द्या. २१ ला तर द्याच.

कागदवेडी
आणि सीएनएस पण मला पटत नाही. चार दिवसांत ट्रॅक्ट्स, सेरेबेलम, बेसल गँगलिया, स्लीप, हायपोथॅलॅमस, हे एका पट्ट्यात केलं की डोक्यात सगळे ट्रॅक्ट एकच होतात. मी पहिल्या आठवड्यापासून रोज एक ट्रॅक्ट काढायचे, रिसेप्टर कुठे, क्रॉस कुठे होतो, संपतो कुठे, आणि अर्धा स्पायनल कॉर्ड कापला तर कुठल्या बाजूचं काय जातं. डॉर्सल कॉलमवाला वर मेड्युलात जाऊन क्रॉस होतो म्हणून व्हायब्रेशन, पोझिशन त्याच बाजूचं जातं, स्पायनोथॅलॅमिक कॉर्डमध्येच क्रॉस होतो म्हणून पेन, टेंपरेचर विरुद्ध बाजूचं. हे रोज थोडं थोडं केलं म्हणून राहिलं.

जुनी_फळी
ट्रॅक्ट्सपुरतं तुमचं चालेल. पण बेसल गँगलिया आणि सेरेबेलम मी तुकड्यांत नाही करणार, तिथे एका बैठकीत पूर्ण सर्किट डोळ्यासमोर यायला लागतं. आणि संध्याकाळचा अर्धा तास आधीच ब्लडने घेतलाय, अजून भर टाकली तर कोरा कागद बुडेल, तो बुडाला तर टाइमटेबल नुसतं भिंतीवर लटकणार.

कागदवेडी
मग ब्लड एक दिवसाआड करा ना.

जुनी_फळी
ते सायलेंट_बेंचने ठरवावं, तिला आपलं ब्लड किती कच्चं आहे ते माहीत. माझं मत वेगळं आहे एवढंच.

रात्रपाळी
सर माझं राहिलं. मला व्हायव्हात बीपीचं विचारलं होतं, पाल्पेटरी मेथड आधी का करतात. मी म्हटलं अंदाज घ्यायला. ते म्हणाले कशाचा अंदाज, मी गप्प. बीपी मला घेता येतं, रोज घेते, पण का ते सांगता येत नाही. प्रॅक्टिकल शेवटच्या आठवड्यात ठेवू का?

जुनी_फळी
शेवटी नको. तुमचं उत्तर अर्धं होतं, सिस्टॉलिकचा अंदाज घ्यायला. का घ्यायचा, तर काही लोकांत कॉरोटकॉफ साउंड सुरू होऊन मध्येच गायब होतात आणि खाली परत येतात, त्याला ऑस्कल्टेटरी गॅप म्हणतात. कफ त्या गॅपमध्येच थांबवला तर खालून आलेला आवाज पहिला समजून सिस्टॉलिक कमी नोंदवला जातो. पाल्पेटरीत नाडी कुठे जाते ते आधी कळलं की कफ त्याच्या साधारण ३० वर नेता येतो आणि गॅप हुकतो. आता हे आर्टरीतल्या टर्ब्युलंट फ्लोजवळच वाचलंत तर दोन्ही एकमेकांना धरून राहतात. म्हणून प्रॅक्टिकल त्या त्या विषयाच्या दिवशी. हार्टच्या दिवसांत बीपी आणि ईसीजी, रेस्पिरेटरीत स्पायरोमेट्रीचे आकडे, सीएनएसमध्ये रिफ्लेक्स आणि क्रॅनियल नर्व्ह, संध्याकाळच्या ब्लडबरोबर हिमोग्लोबिन आणि काउंट्स. वीस मिनिटं, कुणाला तरी मोठ्याने सांगत. तुमची थिअरी निघाली आहे, तर तुम्ही कोऱ्या कागदाऐवजी "का" चे प्रश्न तोंडी करा. प्रत्येक प्रोसिजरला तीन का: ही पायरी का, ही सोडली तर आकडा कुठे चुकतो, आणि हा आकडा कशात बदलतो.

रात्रपाळी
हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. ड्यूटीवर असताना बीपी घेताना मनातल्या मनात करेन.

सायलेंट_बेंच
(दहा-बारा दिवसांनी)
अपडेट देते. हार्टला चारऐवजी पाच दिवस गेले, सातवा मोकळा दिवस तिथेच संपला. प्रेशर-व्हॉल्यूम लूप तीनदा लाल आला. आफ्टरलोड वाढला की लूप कसा बदलतो ते दरवेळी उजवीकडे सरकवत होते. मग सरांनी म्हटल्याप्रमाणे मागची पायरी शोधली आणि लक्षात आलं की ॲऑर्टिक व्हॉल्व्ह कधी उघडतो हेच पक्कं नव्हतं. व्हेंट्रिकलचं प्रेशर ॲऑर्टापेक्षा जास्त झाल्यावरच उघडणार, ॲऑर्टाचं वाढलं तर उशिरा उघडणार, म्हणून लूप उंच आणि अरुंद होतो, आत जास्त रक्त उरतं. त्यानंतर तो कागद काळा आला. ब्लड एक दिवसाआड केलं आणि ट्रॅक्ट रोज एक, दोन दिवस बुडाले पण.

आज रीनलचा पहिला कागद. इफरंट बरोबर आलं, आकडे पण आले. ग्लुकोजमध्ये नवीन लाल आलं. ट्यूब्यूलर मॅक्सिमम ३७५ मिलिग्रॅम मिनिटाला, जीएफआर १२५, भागाकार केला तर ३, म्हणजे मिलीला ३ मिलिग्रॅम, १०० मिलीत ३००. मग पुस्तकात थ्रेशोल्ड साधारण २०० का लिहिलाय? मी माझ्या गणितात चूक शोधत बसले अर्धा तास.

धावतपळत
२०० च लिही, पेपरमध्ये तेच पाहिजे असतं. काही पुस्तकात १८० पण आहे.

जुनी_फळी
गणित बरोबर आहे. ३०० तेव्हा येतं जेव्हा सगळे नेफ्रॉन अगदी सारखे असतील आणि एकाच क्षणी भरतील. प्रत्यक्षात तसं नसतं. काही नेफ्रॉन जास्त गाळतात आणि त्या मानाने कमी शोषतात, त्यांची क्षमता आधी संपते आणि ग्लुकोज लघवीत दिसायला लागतं, बाकीच्यांत अजून जागा असते. शिवाय क्षमता संपायच्या आधीच ट्रान्सपोर्टर थोडं निसटू देतात. त्यामुळे आलेखात सरळ कोपरा न येता वाकलेला भाग येतो, त्याला स्प्ले म्हणतात. २०० आर्टेरियल धरून आणि १८० व्हेनस धरून लिहितात, म्हणून दोन आकडे दिसतात. उत्तरात ३०० चं गणित आणि मग २०० का, हे दोन्ही लिहिलंस तर ती आकृती रटलेली नाही हे तपासणाऱ्याला कळतं.

अर्धा तास गेला त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, पण पुढच्या वेळी दहा मिनिटं झाली की चिठ्ठी लाव आणि पुढे जा, अशा चिठ्ठ्या मोकळ्या दुपारी सोडवायच्या.

सायलेंट_बेंच
मोकळा दिवस तर संपला ना सर, १४ ची दुपार आहे फक्त. तेव्हा अर्धा पेपर देऊ की चिठ्ठ्या सोडवू?

कागदवेडी
अर्धा पेपर. चिठ्ठ्या किती आहेत?

सायलेंट_बेंच
सहा. त्यात तीन रेस्पिरेटरीच्या, सगळ्या व्हेंटिलेशन-परफ्युजनच्या.

जुनी_फळी
मग पेपर २१ ला. तीनही एकाच ठिकाणच्या आहेत म्हणजे एकच पायरी निसटली आहे, आणि त्याच दिवशी सकाळी तुला ॲसिड-बेस करायचंय, ते कच्च्या रेस्पिरेटरीवर उभं राहणार नाही. त्यामुळे उलटं कर, सकाळी आधी चिठ्ठ्या आणि ॲसिड-बेस दुपारी. आधी एवढं बघ की उभं असताना फुप्फुसाच्या वरच्या भागात व्हेंटिलेशन आणि परफ्युजन दोन्ही कमी असतात, तरी रेशो वर जास्त का. ते लिहून इथे टाक, बाकीच्या दोन त्यातूनच सुटतील असं वाटतं.